मराठी अक्षर तिरपं करू नका, ठळक करा

समजा, मोरवा, राई आणि मुर्धा गावांसाठी मोबाइलवर सूचना आली: 'मंगळवारी पाणी येणार नाही.' यातला 'नाही' नजरेतून सुटला, तर सूचना देऊन उपयोग काय? इंग्रजीत असा शब्द इटालिक, म्हणजे तिरपा केला जातो. मराठीत तेच करणं चूक आहे.

तिरपं अक्षर येतं कुठून?

इटालिक हे इंग्रजीचं नुसतं कललेलं अक्षर नाही. इटलीतल्या झरझर हस्ताक्षरावरून 1501च्या सुमारास व्हेनिसच्या आल्डस मनुटियसने ते छपाईत आणलं. त्यात अक्षरांचे आकारच वेगळे असतात. बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये असा संच नसतो. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्ता' घ्या. त्यात जाडीचे 7 प्रकार आहेत, तिरपा एकही नाही. तरीही कुणी इटालिक मागितलं, की ब्राउझर साधंच अक्षर यंत्रवत कलवतो. शिरोरेषा आडवीच राहते, काना मात्र कलंडतो. वरची मात्रा आणि अनुस्वार उजवीकडे, तर खालचा उकार डावीकडे सरकतो. छोट्या पडद्यावर हे अनुस्वार पुढच्या अक्षराचे वाटू लागतात.

मग पर्याय कोणता?

अक्षरांत अंतर वाढवणं हा सर्वांत वाईट पर्याय. शिरोरेषा तुटते आणि 'नाही'चे 'ना' आणि 'ही' असे दोन तुकडे दिसतात.

रंग चालतो, पण एकटा नाही. पांढऱ्यावर भडक लाल (#ff0000) वापरला, तर कॉन्ट्रास्ट जेमतेम 4:1 भरतो. वेब सुलभतेच्या निकषानुसार साध्या मजकुराला किमान 4.5:1 लागतो. #c00000 हा गडद लाल त्यात बसतो. तरी रंगांधळ्या वाचकाला आणि काळ्या-पांढऱ्या प्रिंटला त्याचा उपयोग नाही.

म्हणून जाडी हाच भरवशाचा मार्ग. पण 400 वरून 500 हा फरक मोबाइलवर कळत नाही, थेट 700 घ्यावा. अक्षर फार बारीक असेल, तर मात्र ठळक 'ष', 'क्ष'मधल्या पोकळ्या बुजतात. तेव्हा आधी अक्षराचा आकार वाढवावा. वेबपानाच्या भाषेत `lang="mr"` लिहून एवढं पुरतं:

```
em:lang(mr) {
  font-style: normal;
  font-weight: 700;
}
```

फॉन्टचा 700चा संच पानावर लोड केलेला हवा. नाहीतर ब्राउझर साध्या अक्षरालाच कृत्रिमरीत्या जाड करतो आणि पोकळ्या पुन्हा बुजतात.

जोर भाषेतही आहे

इंग्रजीला ज्यासाठी तिरपं अक्षर लागतं, ते मराठी अनेकदा एका 'च'मध्ये करते. 'मंगळवारीच पाणी येणार नाही' म्हटलं, की जोर वारावर आला. अर्थही बदलला: बाकीचे दिवस पाणी आहे. पुस्तकाच्या नावाला एकेरी अवतरणचिन्ह पुरतं. ठळक अक्षर राखून ठेवावं ते 'नाही'सारख्या शब्दासाठी, आणि एका सूचनेत एकदाच. सगळंच ठळक केलं, तर काहीच ठळक राहत नाही.