बक्षीस कोणाला आणि कधी?

२००० च्या सुमारास पेपॅल ही कंपनी नव्या खातेदाराला आणि त्याला आणणाऱ्याला रोख डॉलर देत असे. खाती भराभर वाढली, पण खर्चही तसाच वाढला आणि बक्षीस टप्प्याटप्प्याने कमी करावे लागले. पुढे ड्रॉपबॉक्सने हीच युक्ती वापरली, मात्र पैशांऐवजी जागा दिली. मित्राला आणले की दोघांनाही ५०० एमबी जास्त, आणि एकूण मर्यादा १६ जीबी. मित्राने नुसते नाव नोंदवून भागत नसे. त्याने आपल्या संगणकावर ड्रॉपबॉक्स बसवून त्यात लॉगिन केले, तरच जागा वाढत असे. हे बक्षीस विकून पैसे करता येत नव्हते आणि फायलीच नसलेल्याला त्याचा उपयोगही नव्हता.

घरगुती डब्याच्या धंद्यालाही हे जसेच्या तसे लागू पडते. समजा, एक ताई महिन्याचा डबा ३,००० रुपयांना देतात. महिन्याला २५ डबे, म्हणजे एक डबा १२० रुपयांचा. त्यातले ९६ खर्चात जातात आणि महिन्याला ६०० रुपये उरतात. 'नवे गिऱ्हाईक आणा, ५०० रुपये रोख मिळवा' असे त्यांनी जाहीर केले, तर कोणीतरी मित्राला चार दिवस डबा लावायला सांगेल, पाचशे घेईल आणि डबा बंद.

त्याऐवजी दोघांनाही तीन-तीन डबे फुकट द्यावेत, पण नव्या गिऱ्हाइकाने दुसऱ्या महिन्याचे पैसे भरल्यावर. सहा डब्यांचा खर्च ५७६ रुपये येतो आणि तोवर दोन महिन्यांचे १,२०० हाती आलेले असतात. लबाडी करणाऱ्याला ७२० रुपयांच्या डब्यांसाठी आधी ६,००० भरावे लागतील. तेवढे कोण करेल?

तरीही एक पळवाट उरतेच. एकाच खोलीतले जुने गिऱ्हाईक स्वतःचा डबा बंद करून तोच डबा मित्राच्या नावाने लावते. म्हणून आणणाऱ्याचा स्वतःचा डबाही चालू असला पाहिजे, अशी अट हवी. खोलीमित्रांना सरसकट वगळू नये. खरी शिफारस बहुतेक वेळा तिथूनच येते, कारण शेजारच्याने भाजीचा वास घेतलेला असतो. पहिल्याच दिवशी शिफारस मागणेही मला पटत नाही. जो दुसऱ्यांदा पैसे भरतो, त्याला मागावी, कारण जेवण आवडल्याचे त्याने पैसे मोजून सांगितलेले असते.

वहीत प्रत्येक नव्या नावापुढे ते कोणी आणले ते लिहा. एकाच्याच नावाने आलेली माणसे फुकटचे डबे संपताच गळू लागली, तर बक्षीस वाढवू नका, अट कडक करा. आणि कोणी शिफारसच करत नसेल, तर योजनेला हात लावण्याआधी डब्यात काय जाते ते पाहा.