पांढरे पट्टे आणि विटलेला रंग

बहिणींनो, गेल्या महिन्यात धुण्याची नवी पावडर आणली आणि माझ्या काळ्या बुरख्यावर पांढरे पट्टे उमटले. मुलाची निळी पँटही विटली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, कंपनीला लिहा." लिहिण्याआधी आपाने आणि मी थोडी तपासणी केली. ते पत्र कंपनीचे नाव वगळून इथे देते.

माननीय व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,

आपल्या पावडरीचे एकच पाकीट मी लातूरला आणि माझ्या आपाने नांदेडला वाटून वापरले. दोघींनी बादलीला पाकिटावर सांगितले तेवढेच चमचे टाकले. माझ्याकडे बोअरचे जड पाणी आहे, तिच्याकडे गोदावरीचे नळाचे.

पांढरे पट्टे फक्त लातूरला उमटले. कोमट पाण्यात दोनदा खळबळूनही ते गेले नाहीत, म्हणजे ती न विरघळलेली पावडर नव्हती. मग एक वाटी सिरका चार वाट्या पाण्यात घालून त्यात बुरख्याचा कोपरा पंधरा मिनिटे बुडवला. पट्टा गेला, काळा रंग जसाच्या तसा निघाला. म्हणजे तो चुन्याचा थर होता. जड पाण्यातला कॅल्शियम आणि पावडरीतला धुण्याचा सोडा एकत्र आले की असा थर कापडावर बसतो. यात पाण्याचाही वाटा आहे, हे मान्य. पण त्याच पाण्यात आपल्या जुन्या पावडरीने पट्टे पडत नव्हते.

पँटचे मात्र वेगळे आहे. गडद कपडे दोन्ही गावांत विटले आणि सिरक्याने रंग परत आला नाही. पँटच्या शिवणीच्या आत दुमडलेले कापड अजून गडद आहे. त्यातले दोन तुकडे रात्रभर भिजवले, एक जुन्या पावडरीत, एक नव्या. नव्यातलाच फिका पडला. नव्या पावडरीत ऑक्सिजन सोडणारे ब्लीच आहे का? असल्यास 'गडद कपड्यांसाठी नाही' असे पाकिटावर ठळक का छापले नाही?

बॅच क्रमांक, पॅकिंगची तारीख, बिल आणि दोन्ही तुकड्यांचे फोटो सोबत आहेत. पावडरीची किंमत व पँटची भरपाई द्यावी आणि पंधरा दिवसांत लेखी उत्तर पाठवावे.

आपली ग्राहक,
एक शिक्षिका, लातूर

बहिणींनो, कपडा बिघडला तर पाकीट आणि बिल फेकू नका. तक्रारीसाठी पत्ता, फोन आणि ईमेल पाकिटावर छापणे कंपनीला कायद्याने बंधनकारक आहे. उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करता येतो. सिरक्याचा उपाय करताना आधी कोपऱ्यावर पाहा आणि ब्लीचच्या पाण्यात सिरका कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

कंपनीचे उत्तर आले की पुढच्या अंकात कळवीन, इन्शाअल्लाह.