विश्लेषण : पाण्याखालच्या फोटोत माशाचा लाल रंग परत आणता येतो, पण तो खरा कधी मानावा?

तारकर्ली-मालवणला स्कूबा करून आलेल्यांच्या मोबाइलमध्ये दोन प्रकारचे फोटो दिसतात. एक निळसर-हिरवा, ज्यात सगळेच मासे राखाडी. दुसरा ॲपमधून ‘सुधारलेला’, ज्यात तेच मासे लालभडक. फोटो आठवण म्हणून ठेवायचा असेल तर दुसरा खुशाल ठेवावा. पण त्या लालीवरून ‘ही तांबोशीच’ असे ठरवायचे असेल, तर आधी ती लाली आली कुठून हे विचारायला हवे.

लाल रंग जातो कुठे?

पाणी लाल प्रकाश सर्वात आधी शोषते. अगदी शुद्ध पाण्यातही 650 नॅनोमीटरचा लाल प्रकाश एक मीटर गेला की सुमारे 71 टक्के उरतो. पुढच्या मीटरला त्या उरलेल्याच्या 71 टक्के, आणि असेच पुढे. पाच मीटरनंतर सुमारे 18 टक्के उरतो, दहा मीटरनंतर जेमतेम 3 टक्के. 450 नॅनोमीटरचा निळा प्रकाश मात्र दहा मीटरनंतरही 90 टक्क्यांच्या आसपास शिल्लक असतो. म्हणून सगळे निळे दिसते.

एकच स्लायडर का पुरत नाही?

समजा, मासा दहा मीटर खोल आहे आणि कॅमेऱ्यापासून दोन मीटरवर. सूर्यप्रकाश दहा मीटर खाली आला, माशावर आदळला आणि दोन मीटर कापून कॅमेऱ्यात शिरला. एकूण प्रवास बारा मीटर. लाल उरला साधारण 1.7 टक्के. मूळ रंग हवा तर लाल आकडा सुमारे 60 पटींनी वाढवावा लागेल. त्याच फोटोत मागचा खडक चार मीटरवर आहे. त्याचा प्रवास चौदा मीटर, म्हणजे त्याला सुमारे 117 पट हवी. ॲपमधला स्लायडर मात्र पूर्ण फोटोला एकच पट लावतो. माशाला जुळवले तर खडक निळा राहतो. खडकाला जुळवले तर मासा दुप्पट लाल होतो.

त्यात आणखी एक अडचण आहे. पाण्यातल्या कणांवरून उसळलेला प्रकाश फोटोवर धुक्यासारखा पसरतो. तो माशाकडून आलेलाच नसतो. म्हणून तो आधी वजा करायचा आणि मग गुणायचे. क्रम चुकला तर धुकेही 60 पट होते.

योग्य पद्धत कोणती?

हैफा विद्यापीठातील देर्या अक्कायनाक आणि ताली ट्रायबिट्झ यांनी 2019 मध्ये मांडलेली ‘सी-थ्रू’ पद्धत नेमके हेच करते. एकाच दृश्याचे वेगवेगळ्या कोनांतून अनेक फोटो काढून प्रत्येक बिंदूचे कॅमेऱ्यापासूनचे अंतर काढले जाते. मग त्या अंतरानुसार धुके वजा होते आणि रंग भरून काढला जातो. फोटो रॉ स्वरूपात लागतो, कारण जेपीईजी बनवताना कॅमेऱ्याने आकड्यांत आधीच फेरफार केलेला असतो.

तरीही एक मर्यादा राहते. लाल प्रकाश कॅमेऱ्यापर्यंत जवळपास पोहोचलाच नसेल, तर 60 पटींनी वाढतो तो सेन्सरचा गोंगाट. माशाच्या अंगावर लाल-जांभळे ठिपके दिसू लागतात आणि ते खवल्यांवरची नक्षी समजण्याची चूक होते. भिंगावर लावायचा लाल फिल्टरही नवा लाल प्रकाश आणत नाही. तो फक्त निळा-हिरवा कमी करतो.

मग करायचे काय?

सर्वात भरवशाचा उपाय जुनाच आहे : जवळ जा आणि स्वतःचा पांढरा प्रकाश न्या. अर्ध्या मीटरवरून टॉर्च मारला तर प्रकाशाचा जाऊन-येऊन प्रवास एक मीटरच होतो आणि 71 टक्के लाल शिल्लक राहतो. माशाच्या शेजारी, त्याच अंतरावर राखाडी कार्ड धरले तर दुरुस्ती तपासताही येते : कार्ड राखाडी दिसले पाहिजे. कार्ड नसेल तर मागचे मोकळे पाणी पाहा. ते गुलाबी किंवा जांभळे झाले असेल, तर लाल जास्त ओढला गेला आहे.

वरचे आकडे शुद्ध पाण्याचे आहेत. कोकण किनाऱ्याच्या गढूळ, हिरवट पाण्यात गाळ आणि सूक्ष्म वनस्पती निळा प्रकाशही खातात. त्यामुळे निळ्या समुद्रासाठी बनवलेले प्रीसेट इथे हमखास फसते.

म्हणूनच माझे मत असे की, प्रजातींच्या नोंदीसाठी फोटो टाकणाऱ्याने मूळ फोटो, खोली, अंतर आणि टॉर्च होता की नाही, हे सोबत द्यावे. एवढे नसेल तर ओळख शरीराचा आकार, पर आणि पट्ट्यांवरून करावी. आकार पाण्यात विरघळत नाही. ॲपने भरलेला लाल रंग हा अंदाज आहे. तो पुरावा म्हणून नोंदीत गेला, तर पुढचा माणूस चुकीच्या माशाची मोजणी करत राहील.