एकहाती मोटार

आमचे मेहुणे मोटार विकायला निघाले. 'एकहाती, उत्तम स्थिती, किंमत वाजवी' असा मजकूर त्यांनी मोठ्या अभिमानाने माझ्यापुढे ठेवला.

"एकहाती?" मी म्हटले, "आरसीवर तर तुम्ही दुसरे मालक आहात!"

"पण चालवली मी एकट्यानेच ना, भावजी?"

मी ते खोडून 'दुसरे मालक' लिहिले. कर्ज केव्हाच फिटले होते, तरी आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता. तेव्हा बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो आधी उतरवायला लावला. 'उत्तम स्थिती'च्या जागी 'डावे मागचे दार ठोकून रंगवलेले. क्लच नवा, पावती आहे' असे आले. 'वाजवी'ऐवजी 'रु. ३,१०,०००, दाराचा खर्च वजा धरून.'

शेवटी लिहिले, 'रविवारी सकाळी आठला पाहावी, मेकॅनिक आणावा, इंजिन थंड मिळेल.' गरम इंजिन चटकन सुरू होते आणि सकाळचा धूर लपवते.

मेहुणे कुरकुरले, "अशाने येणार कोण?"

रविवारी एक गृहस्थ आले. नमस्कारही न करता त्यांनी आधी बॉनेटवर हात ठेवून पाहिला.