फुगलेल्या आकड्यांचे भाट

जाफराबादच्या एखाद्या महाविद्यालयात अर्थशास्त्राच्या तासाला पडद्यावर एक तक्ता येतो. वर्ष २०२३-२४. चालू किमतींनुसार देशाचे उत्पन्न सुमारे २९५ लाख कोटी रुपये, स्थिर किमतींनुसार सुमारे १७४ लाख कोटी. मे २०२४ मध्ये सरकारनेच जाहीर केलेले हे आकडे. देश एक, वर्ष एक, मग मध्ये १२१ लाख कोटींची दरी का? सर व्याख्या सांगतात, मुले ती उतरवून घेतात, चार गुणांची सोय होते आणि पुढचा तक्ता येतो. ही दरी बाहेरच्या शिवारात नेऊन मोजून पाहावी असे ना शिकवणाऱ्याला वाटते, ना शिकणाऱ्याला. आपल्या शिक्षणाचे पहिले पाप हेच.

शिवारात जाऊन पाहू. समजा, एका शेतकऱ्याला २०१३-१४ मध्ये दहा क्विंटल सोयाबीन झाले आणि २०२४-२५ मध्येही दहाच क्विंटल झाले. हमीभाव २०१३-१४ मध्ये २,५६० रुपये होता, २०२४-२५ मध्ये ४,८९२. हमीभावाने हिशेब केला तर २५,६०० चे ४८,९२० झाले. चालू किमतींच्या खात्यात हे उत्पन्न जवळजवळ दुप्पट दिसेल. पण पोते एकही वाढलेले नाही. म्हणून स्थिर किमतींच्या हिशेबात दोन्ही वर्षांच्या मालाला एकाच वर्षाचा भाव लावतात, आणि तिथे वाढ शून्य निघते. वरच्या तक्त्यातला आधार २०११-१२ चा आहे. २९५ ला १७४ ने भागले की १.७ येतात, म्हणजे तेव्हा शंभर रुपयांना मिळणारे २०२३-२४ मध्ये १७० ला मिळत होते. दरीतले १२१ लाख कोटी म्हणजे माल नव्हे, चढलेले भाव आहेत.

शेतकऱ्याच्या घरात आणखी एक भागाकार करावा लागतो. तो विकतो सोयाबीन, पण विकत घेतो तेल, औषध, कपडा, मुलांचे शिक्षण. किरकोळ किमतींचा निर्देशांक याच काळात सुमारे ११३ वरून १९३ वर गेला, म्हणजे १.७१ पट. त्या ४८,९२० ला १.७१ ने भागा, २८,६०० उरतात. अकरा वर्षांची खरी कमाई तीन हजारांची! तीही हमीभावाने माल गेला तर. २०२४ च्या हंगामात बाजारात क्विंटलला चार हजारांच्या आसपासच भाव होता. त्या भावाने दहा क्विंटलचे चाळीस हजार येतात, आणि जुन्या रुपयांत ते २३,४०० भरतात. तोंडावर वाढ, पोटात घट. तरीही सभेत कोणी ‘भाव दुप्पट केला’ म्हणाला की टाळ्या वाजवणारे आपणच असतो, आणि त्यात पदवीधरांचे हातही असतात.

ज्यांना हा भागाकार कळतो त्यांनी तो स्वतःपुरता करून घेतला आहे. केंद्राच्या कर्मचाऱ्याचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून, औद्योगिक कामगारांच्या किंमत निर्देशांकाला धरून ठरतो. तो काढून घ्या असे मी म्हणत नाही. महागाईत पगार तसाच ठेवणे म्हणजे न सांगता केलेली कपातच. पण त्याच सरकारच्या दुसऱ्या खात्यात पाहा. इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात साठ ते एकोणऐंशी वयाच्या दारिद्र्यरेषेखालील वृद्धाला केंद्र महिन्याला २०० रुपये देते. २००७ मध्येही २००, २०२४ मध्येही २००. शेतमजुरांच्या किंमत निर्देशांकाची सरासरी २००७-०८ मध्ये ४१० च्या घरात होती, २०२४ च्या अखेरीस तो १,३०० च्या वर गेला. भागाकार केला तर त्या दोनशेंचे जुन्या रुपयांत बासष्ट-त्रेसष्ट उरतात. कोणत्याही मंत्र्याने कपातीचा आदेश काढला नाही, कोणत्याही सभागृहात मतदान झाले नाही. आकड्याला हात न लावता म्हाताऱ्या माणसाच्या ताटातले दोन तृतीयांश उचलून नेले.

राज्याने आपली भर घालून महाराष्ट्रात ही मदत २०१९ मध्ये ६०० वरून हजारावर, २०२३ मध्ये दीड हजारावर नेली, हे खरे. पण तीही निर्देशांकाला बांधलेली नाही. पुढची वाढ सत्तेच्या मर्जीवर, आणि मर्जी बहुधा निवडणुकीच्या पंचांगावर. दरम्यान दर महिन्याला ती झिजतच राहते. २०१८ च्या डिसेंबरपासून लागू झालेल्या किसान सन्मान निधीचे ६,००० रुपये सहा वर्षांत सुमारे ४,३०० च्या मोलाचे राहिले. बँकेचा संदेश मात्र दर हप्त्याला तोच दोन हजारांचा येतो, म्हणून झीज कोणाच्या लक्षात येत नाही.

यात दोष एकट्या राज्यकर्त्यांचा कसा म्हणावा? पडद्यावरच्या त्या दोन ओळी वाचता येणारी शेकडो मुले दरसाल तालुक्यातून पदवी घेतात. त्यांतल्या किती जणांनी घरातल्या आजीच्या पासबुकावरचा आकडा निर्देशांकाने भागून पाहिला? नोकरी लागल्यावर महागाई भत्त्याची टक्केवारी त्यांना तोंडपाठ असते. ग्रामसभेत मात्र, ही मदत दरवर्षी निर्देशांकाप्रमाणे वाढली पाहिजे असा साधा ठराव मांडायला त्यांच्यातला कोणी उभा राहत नाही.