शेताला पाणी आणि शेतावर पाणी: भावाच्या नातवाला पत्र

चि. सोन्यास,


शिष्यवृत्तीच्या पहिल्या पेपरात मराठीचे 25 प्रश्न, 50 गुण. त्यासाठी तू वाक्प्रचारांची यादी पाठ करतोयस, असं तुझी आई म्हणाली. यादीत ‘पाणी सोडणे = हक्क सोडून देणे’ एवढंच असतं. आता ही दोन वाक्यं बघ.

आत्याने शेताला पाणी सोडलं.
आत्याने शेतावर पाणी सोडलं.

पहिल्यात पीक भिजलं. दुसऱ्यात आत्याने भावांसाठी आपला वाटा सोडला. फरक फक्त ‘ला’ आणि ‘वर’चा! दान देताना हातावरून पाणी सोडायची रीत आहे, तिथून हा अर्थ आला. म्हणून पाणी ‘सोडणारा’ स्वतःच्या हाताने सोडतो. गारपिटीने द्राक्षं गेली, तर शेतकऱ्याच्या मेहनतीवर पाणी ‘फिरतं’. तिथे ‘सोडलं’ हा पर्याय चूक.

हे यादीत कळत नाही, शब्द वाक्यात भेटावा लागतो. म्हणून रोज अर्धा तास वेगवेगळं वाच. ‘किशोर’मधली गोष्ट, पेपरातली शेतीची बातमी, जमिनीच्या व्यवहाराची जाहीर नोटीससुद्धा. नवा वाक्प्रचार दिसला की नुसता अर्थ नको, अख्खं वाक्य वहीत उतरव. मग त्यावरून स्वतःचं एक वाक्य कर आणि आईला मोठ्याने वाचून दाखव. चुकलं असेल तर तिच्या कानाला लगेच खटकेल. महिन्याभराने तुझ्याही खटकायला लागेल.

शेवटच्या आठवड्यात मात्र जुने पेपर घड्याळ लावून सोडव. कान तयार व्हायला वेळ लागतो, तेव्हा वाचन आजपासूनच.

तुझे,
अण्णाआजोबा
(निवृत्त शिक्षक)