पाढे म्हणावेत, पण जटापाठाने

‘घोकंपट्टी’ या एका शब्दाने आपल्या शिक्षणतज्ज्ञांनी पाठांतराची जेवढी बदनामी केली, तेवढी कोणा परक्यानेही केली नसेल. पाढे कालबाह्य ठरले. पावकी, निमकी, अडीचकी, औटकी हे शब्द तर आज शिक्षकांनाही शब्दकोशात शोधावे लागतात. मात्र पाठांतराच्या बाजूने बोलणाऱ्या आपण मंडळींनीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. पाढे म्हणवून घेण्याची आपली प्रचलित पद्धत अर्धवटच आहे.

मराठी पाढ्याची रचना मोठी विलक्षण आहे. त्यात ‘गुणिले’ नाही आणि ‘बरोबर’ही नाही. दोनचे ‘दुणे’, तीनचे ‘त्रिक’, चारचे ‘चोक’, सहाचे ‘सक’ होते. गुणकाला असे स्वतंत्र रूप मिळाल्यामुळे कोणता आकडा कशाने गुणला, हे मुलाचा कान न सांगता ओळखतो. ‘सात त्रिक एकवीस’ या तीन शब्दांत संपूर्ण उदाहरण आणि त्याचे उत्तर सामावलेले असते. बालपणी कानावर पडलेल्या भाषेची लय असल्यामुळे ते जिभेवर चटकन बसते.

अडचण पुढे येते. तिसरीतल्या एखाद्या मुलाला एकदम विचारून पाहा, ‘सात अठ्ठे किती?’ त्याचे ओठ ‘सात एके सात’पासून हलू लागले, तर त्याला पाढा येतो, पण गुणाकार येत नाही असे समजावे. शिडी पाठ झाली आहे. मधली पायरी एकटी सापडत नाही.

यावरचा उपाय आपल्याच परंपरेत आहे. वेदपाठी ब्राह्मणांनी मंत्र केवळ सरळ म्हटले नाहीत. क्रमपाठात पहिले-दुसरे, मग दुसरे-तिसरे अशी पदे जोडली जातात. जटापाठात पहिले-दुसरे, दुसरे-पहिले, पुन्हा पहिले-दुसरे असे मागेपुढे गुंफले जाते. पाढ्यांसाठी तेच करावे. ‘सात अठ्ठे छप्पन्न, आठ सत्ते छप्पन्न, सात अठ्ठे छप्पन्न.’ एका वेळी अशा तीन-चारच जोड्या घ्याव्यात. मुलाला दोन वेगळी उत्तरे पाठ करावी लागत नाहीत आणि मधली पायरीही एकटी उभी राहते.

दुसरी चूक लेखनातली. मूल तोंडाने ‘छप्पन्न’ म्हणते आणि पाटीवर ६५ लिहिते. हा पाढ्याचा दोष नव्हे. मराठीत एकक आधी उच्चारले जाते, दशक नंतर. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘सत्तर दोन’ अशी वाचनपद्धती आली, ती याच अडचणीपायी. तेव्हा झालेल्या गदारोळात ही अडचण खरी आहे, हे फार थोड्यांनी मान्य केले. तथापि संख्येचे नाव फोडून सांगणे हा पूल आहे, मुक्कामाचे गाव नव्हे. ‘छप्पन्न म्हणजे पन्नास आणि सहा’ असे आठवडाभर पाढ्यासोबत म्हणवून घ्यावे आणि मग सोडून द्यावे. ‘छप्पन्न’ भाषेत राहिलाच पाहिजे.

शुद्धलेखनाचेही असेच आहे. ‘उपान्त्य इकार-उकार सामान्यरूपात ऱ्हस्व होतो’ हे वाक्य चौथीच्या मुलाला सांगून काय उपयोग? त्यापेक्षा शिक्षकांनी स्वतःच असे काही रचावे:

चूल पेटली, चुलीत जाळ,
फूल उमलले, फुलांची माळ,
मूल नाचले, मुलाला चाळ,
पीक पिकले, पिकाचा काळ.

हे काव्य नव्हे, हे उघड आहे. पण पहिला शब्द लांबवून म्हणावा आणि त्याचेच दुसरे रूप आखूड टाळीवर घ्यावे. बोलताना आपण ‘चूल’मधला ऊ लांबवतो आणि ‘चुलीत’मध्ये तो आपोआप आखडतो. नियम उच्चारातच आहे. गाणे तो कानाला दाखवून देते. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला हा फरक शिकवावा लागत नाही, त्याच्याकडे फक्त लक्ष वेधावे लागते.

मर्यादाही ध्यानात ठेवावी. गाणे पक्के झाल्यावर मूल उत्साहाने ‘शरिराला’ आणि ‘गिताचे’ लिहू लागते. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमाला जुमानत नाहीत. ‘शरीराला’, ‘गीताचे’, ‘दूताला’ असेच लिहावे लागते. तत्सम कोणता आणि तद्भव कोणता, हे नऊ वर्षांच्या मुलाने कसे ओळखावे? तेथे नियम सांगूच नये. गीत, दीप, दूत, शरीर ही चौकडी वेगळ्या चालीवर म्हणवून घ्यावी, आणि तीही पहिले गाणे मुरल्यानंतर महिन्याभराने. दोन्ही एकाच दिवशी शिकवली, तर मूल दोन्हींत गोंधळते आणि दोष पाठांतराच्या माथी येतो.